वय तेरा, हाडे साडेदहा वर्षांची : एका अहवालाचा अर्थ

“मॅडम, आमचा मुलगा तेरा वर्षांचा झाला, पण उंची १३२ सेंटीमीटरच आहे. एक्स-रेमध्ये हाडांचं वय साडेदहा आलं. ग्रोथ हॉर्मोन ०.३, आयजीएफ-१ कमी, आणि औषध देऊन केलेल्या चाचणीतही हॉर्मोन कमीच भरलं. इंजेक्शनं आत्ताच सुरू केली नाहीत तर उंची कायमची खुंटेल का?”

लहान मुलांच्या हॉर्मोनविषयक तक्रारींच्या बाह्यरुग्ण विभागात मी समुपदेशक आहे. निदान आणि उपचार डॉक्टर ठरवतात. अहवालातील आकड्यांचा अर्थ कुटुंबाला नीट समजावा, हे माझे काम. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.

त्या आईला मी प्रथम हे सांगितले की, निदान पक्के करण्यासाठी लागणाऱ्या काही महिन्यांत मुलाच्या हातून काही निसटणार नव्हते. मुलग्यांची लांब हाडे वाढवणारे कूर्चेचे थर हाडांचे वय साधारण सोळा होईपर्यंत बंद होत आलेले नसतात. हाडांचे वय साडेदहा आहे याचा अर्थ त्याच्याजवळ वाढीचा काळ बरोबरीच्या मुलांपेक्षा अधिक शिल्लक आहे. मात्र हाडे मागे का राहिली, हे त्या एक्स-रेवरून कळत नाही. प्रकृतीनेच उशिरा वयात येणाऱ्या मुलांत ती मागे असतात, तशीच ग्रोथ हॉर्मोनच्या खऱ्या कमतरतेत आणि थायरॉईडच्या कमतरतेतही असतात.

आता ०.३ हा आकडा. ग्रोथ हॉर्मोन रक्तात थोड्या थोड्या वेळाने उसळीने येते. मोठ्या उसळ्या रात्रीच्या गाढ झोपेत येतात आणि दिवसा, दोन उसळ्यांच्या मध्ये, निरोगी मुलातही ते जवळजवळ शून्यावर असते. म्हणून सकाळी कधीतरी घेतलेल्या एकाच नमुन्यावरून या वयाच्या मुलात काहीही ठरत नाही. ही तपासणी मुळात करायलाच नको होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पालकांच्या मनात हाच आकडा सर्वांत खोल रुतून बसतो.

आयजीएफ-१ची गोष्ट वेगळी. वाढीला चालना देणारे हे हॉर्मोन ग्रोथ हॉर्मोनच्या प्रभावाखाली मुख्यतः यकृतात तयार होते आणि दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असते, त्यामुळे एका नमुन्यालाही अर्थ असतो. परंतु वयात येताना ते खूप वाढते, आणि पोषण कमी पडले तर घटते. या मुलाचे आयजीएफ-१ होते १३८ नॅनोग्रॅम. अहवालावर तेरा वर्षांच्या मुलग्यांसाठी १८३ ते ८५० अशी मर्यादा छापलेली होती, म्हणून समोर ‘कमी’ अशी खूण आली. तेरा वर्षांची बहुतेक मुले वयात येऊ लागलेली असतात. हा मुलगा अजून आलेला नव्हता. त्याच प्रयोगशाळेच्या तक्त्यात दहा वर्षांसाठीची मर्यादा ८८ ते ४५२ होती, आणि हाडांच्या वयाशी जुळणाऱ्या या ओळीत त्याचा आकडा सहज बसत होता. (प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी असते, त्यामुळे एकीचा तक्ता दुसरीच्या आकड्याला लावू नये.)

वडिलांचा आक्षेप रास्त होता. “ते दोन्ही आकडे सोडा, पण ती दोन तासांची चाचणीसुद्धा नापास झाला ना?” उपाशीपोटी, ग्रोथ हॉर्मोनची उसळी आणणारी क्लोनिडिनची गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतले होते आणि सर्वाधिक पातळी ६.२ भरली होती. पुष्कळ ठिकाणी १० नॅनोग्रॅम ही उंबरठ्याची पातळी धरतात, काही ठिकाणी ७. अडचण अशी की, वयात येण्याच्या उंबरठ्यावर अडखळलेल्या मुलात ग्रोथ हॉर्मोन तयार करणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी निरोगी असूनही या चाचणीला कमी प्रतिसाद देऊ शकते. म्हणून अकरा वर्षे उलटलेल्या, पण वयात येण्याची चिन्हे नसलेल्या मुलग्याला चाचणीच्या सात ते दहा दिवस आधी टेस्टोस्टेरॉनचे एक इंजेक्शन द्यावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. या मुलाला ते दिलेले नव्हते. शिवाय एकाच चाचणीवर कमतरता ठरवत नाहीत. साधारणपणे दोन वेगवेगळ्या औषधांच्या चाचण्यांत पातळी कमी यावी लागते.

आमच्या डॉक्टरांनी मात्र चाचणी लगेच पुन्हा लिहून दिली नाही. त्यांनी आधी जुन्या नोंदी मागवल्या. बालरोगतज्ज्ञांच्या फाईलमध्ये अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास उंची १२३.४ होती, बाराव्याला १२७.८, आणि आता १३२. म्हणजे वर्षाला ४.४ आणि ४.२ सेंटीमीटर. वयात येण्यापूर्वी वाढीचा वेग किंचित मंदावतो, हे लक्षात घेता तो काठावरचा असला तरी चालणारा होता. मग घराचा इतिहास निघाला. वडील अकरावी-बारावीत झपाट्याने वाढले होते, आणि आईची पाळी पंधराव्या वर्षी सुरू झाली होती. वडील १६५, आई १५२. दोघांच्या उंचीत १३ मिळवून निम्मे केले की मुलग्यासाठी १६५ येतात, आणि त्याच्या आठ सेंटीमीटर खाली-वर असा घराचा पल्ला. हाडांच्या वयावरून काढलेला त्याच्या अंतिम उंचीचा अंदाज १६२च्या आसपास होता. हाडे दोन वर्षांहून अधिक मागे असली की हा अंदाज थोडा जास्त येऊ शकतो, हेही मी त्यांना लपवून ठेवले नाही.

थायरॉईड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सिलिॲक आजाराची तपासणी आणि रक्तगणना ठीक होती. वेग काठावरचा आणि फाईलमध्ये नापास चाचणी, म्हणून डॉक्टरांनी आधी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन दुसऱ्या औषधाने चाचणी घेतली. सर्वाधिक पातळी १२.८ आली. रोज रात्री टोचण्याची, वर्षानुवर्षे चालणारी आणि खर्चिक इंजेक्शने सुरू झाली नाहीत.

मुलाशी मी वेगळी बसले. प्रार्थनेच्या रांगेत त्याला पहिल्या नंबरवर उभे करत आणि मित्रांचे आवाज फुटले होते. त्याला उंचीपेक्षा याचे दुःख अधिक होते. “तुझं शरीर बिघडलेलं नाही, ते बाबांच्या वेळापत्रकाने चाललंय” हे त्याला वडिलांच्या तोंडून ऐकायचे होते, आणि वडिलांनी आपला दहावीचा फोटो दाखवून ते सांगितले. चौदा पूर्ण होऊनही चिन्हे दिसली नाहीत आणि मुलगा खचत असेल, तर टेस्टोस्टेरॉनचा कमी मात्रेचा, काही महिन्यांचा उपचार करता येतो, हे आम्ही आधीच बोलून ठेवले होते. त्याची गरज पडली नाही. आठ महिन्यांनी अंडकोष वाढू लागल्याचे तपासणीत दिसले आणि त्यानंतरच्या वर्षात तो आठ सेंटीमीटर वाढला.

हेच कागद दुसऱ्या मुलाचे असते तर निर्णय वेगळाही झाला असता. वर्षाचा वेग चार सेंटीमीटरच्या खाली असेल, उंचीची रेघ तक्त्यावर सतत खाली सरकत असेल, आयजीएफ-१ हाडांच्या वयाच्या मर्यादेतही बसत नसेल, किंवा डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणे, सारखी तहान आणि लघवी अशा तक्रारी असतील, तर थांबून पाहायचे नसते. तेथे पिट्युटरीचा एमआरआय लवकर लागतो. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम या एक्स गुणसूत्राच्या जन्मजात दोषासाठी गुणसूत्रांची तपासणीही करतात. या कुटुंबाला आम्ही दर सहा महिन्यांनी, त्याच उंचीमापकावर, बूट काढून उंची मोजायला बोलावले, आणि मधल्या काळात आयजीएफ-१ पुन्हा करून आणू नका असे सांगितले.