खटला मुद्दाम सोडला, पाटल्या विसरले

प्रश्न: कादंबरी संपली तरी दोन-तीन उपकथानकं तशीच लटकत राहिली. लेखकाने ती मुद्दाम सोडली की विसरला, हे कसं ओळखायचं?

लेखकाला विचारू नका. तो 'मुद्दाम'च म्हणणार. मीही म्हटलं होतं.

मी खानापूरची. माझी एकच कादंबरी, पदरचे पैसे घालून छापलेली, तेवीस प्रकरणांची. बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या छोट्या संमेलनात तिच्यावर चर्चा ठेवली होती. एकाने विचारलं, "थोरल्या दिरांच्या जमिनीच्या खटल्याचा निकाल काय लागला?" मी म्हटलं, "आपल्या भागाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. इथे कुणाचा निकाल लागलाय म्हणून त्यांचा लागावा?" टाळ्या पडल्या. मग मागच्या खुर्चीतून एक निवृत्त मास्तर उठले. "ते पटलं. पण बाई, नणंदेच्या पाटल्या सोडवल्या कुणी, तेवढं सांगा की."

मी तेच उत्तर पुन्हा दिलं. सीमाभाग, अधांतरी आयुष्य वगैरे. या वेळी टाळ्या नाहीत. मास्तर नुसते "बरं" म्हणून बसले, आणि ते "बरं" मला रात्रभर लागलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेतली. एका पानावर एक धागा, आणि तो कुठकुठल्या प्रकरणात येतो त्याचे आकडे. खटला: 3, 7, 11, 16, 22. पाटल्या: 4, 5, 6 आणि मग थेट 19. चौथ्या प्रकरणात त्या सोसायटीत गहाण पडतात. सासू त्या रुमालात बांधते, वजन करणारा चष्मा कपाळावर सरकवतो, असं सगळं मी मन लावून लिहिलेलं. आणि एकोणिसाव्यात नणंद धाकट्याच्या लग्नात त्याच पाटल्या घालून पंगतीत वाढते आहे! सोडवल्याचा शब्द कुठे नाही. घरात कुणाला आश्चर्यही वाटत नाही. लग्नातली बाई डोळ्यांसमोर आली, तिचे हात रिकामे दिसेनात, म्हणून मी पाटल्या चढवल्या. एवढंच.

तुमच्या कादंबरीचीही अशी वही करा. धागा शेवटी कुठे दिसतो ते बघा. मधेच बुडाला आणि शेवटच्या चार-पाच प्रकरणांत त्याची सावलीही नसेल, तर बहुधा विसर. मुद्दाम सोडणारा लेखक शेवटाकडे एकदा तरी तिथे हात लावून जातो. माझ्या बाविसाव्या प्रकरणात दीर तारखेहून येतात, कन्नडमधला उतारा शेजारच्या पोराकडून वाचून घेतात, कागद पिशवीत भरतात आणि पिशवी परत खुंटीला लावतात. बायको विचारते, "जेवायला वाढू?" खटला लटकलेला आहे हे त्या दोघांना माहीत आहे. खरी खूण हीच. गोष्ट अर्धी आहे हे कादंबरीतल्या माणसांना जाणवत असेल, तर ती लेखकाला माहीत होती. फक्त वाचकालाच खुपत असेल, तर संशय घ्या. आणि त्याच धाग्यात वय, महिना, दागिना असा काही हिशेब चुकलेला सापडला, तर मग संशयाचंही कारण उरत नाही.

विसर पडतो कुठे? बहुतेक वेळा जोडकामात. माझं चौथं प्रकरण आधी एका दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा होती. कथेत पाटल्या गहाण पडल्या की गोष्ट संपत होती, म्हणून पुढचा विचार मी कधी केलाच नव्हता. मोठ्यांचंही असं होतं. रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' (1939) ही रहस्यकादंबरी त्याच्याच जुन्या कथा जोडून उभी राहिली. त्यातल्या ड्रायव्हरला कुणी मारलं, असं सिनेमावाल्यांनी विचारलं तेव्हा 'मलाही माहीत नाही' असं त्याने कळवलं. हा माणूस मला आवडतो.

हे सगळं पूर्ण, न कापलेल्या पुस्तकाला लागू. संक्षिप्त आवृत्ती किंवा काटछाट केलेला अनुवाद हातात असेल तर धागा लेखकाने सोडला की दुसऱ्या कुणी कापला, हे वहीतून कळणार नाही. निवेदक घरातलं लहान पोर असेल तर त्याला न कळलेलं लटकणारच. तो दोष धरू नका.

आता 'सीमाभागाची कादंबरी म्हणजे शेवट मोकळाच' म्हणणाऱ्यांसाठी. अधांतरीपणा लिहावा लागतो. तो आपोआप येत नाही. हे मी स्वतः ती सबब वापरून सांगते आहे.

राहता राहिले पुण्याचे एक संपादक, ज्यांनी छापण्याआधी हस्तलिखित वाचलं होतं. त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'खटला काढा, वाचक अडकतो.' मी काढला नाही, म्हणून त्यांनी पुस्तक घेतलं नाही. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. मास्तरांच्या "बरं"नंतर एकोणिसावं प्रकरण काढून बघितलं. पाटल्यांच्या ओळीशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय: 'सुंदर तपशील.'