‘ग्रेट पोस्ट, सर’च्या पुढे काय लिहावं

प्रश्न: चाकणला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीत आहे. आमच्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीच्या ऑपरेशन्स हेडना लिंक्डइनवर फॉलो करतो. त्यांच्या प्रत्येक पोस्टवर कमेंट करतो, पण लाइक किंवा ‘थँक्स’च्या पुढे गाडी जात नाही. पुढेमागे त्यांच्याशी ओळख व्हावी असं मनापासून वाटतं. नेमकं काय लिहू? शहाणपणा शिकवतोय असं तर वाटणार नाही ना?

उत्तर:

आधी प्रत्येक पोस्टवर लिहिणं थांबवा. ‘खूप छान विचार, सर’ यातून त्यांना तुमच्याबद्दल काही कळत नाही, आणि त्याला उत्तर द्यावं असंही त्यात काही नसतं. थँक्सशिवाय ते दुसरं काय लिहिणार? पुरस्कार, वर्धापनदिन, नेतृत्वावरची वाक्यं या पोस्ट सोडून द्या. ज्या विषयाची एखादी बाजू तुमच्या खुर्चीतून दिसते आणि त्यांच्या खुर्चीतून सहसा दिसत नाही, तेवढ्याच पोस्टवर लिहा. महिन्यातून एखादी मिळाली तरी पुरे.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो. समजा त्यांनी लिहिलं की प्रेसवर डाय बदलायला पूर्वी ४५ मिनिटं लागायची, टीमने ती १४ वर आणली. पुढची डाय आणि क्लॅम्प प्रेस चालू असतानाच शेजारी आणून ठेवले, सगळ्या डायची शट हाइट एकसारखी केली, वगैरे.

यावर बहुतेक जण दोन प्रकारे लिहितात. एक म्हणजे अभिनंदन. दुसरा प्रकार पुस्तकी: शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर कसा आणला, ते सांगायचं. माहिती खरी आहे, पण ऑपरेशन्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ती पाठ असते. तुम्ही वाचलंय एवढंच त्यातून कळतं.

तुम्ही क्वालिटीत आहात, त्यामुळे डाय बसल्यानंतर काय होतं हे तुम्ही रोज बघता. डाय बसते, पहिला पीस निघतो, आणि मग प्रेस उभी राहते. इन्स्पेक्टर दुसऱ्या लाइनवर असतो, चेकिंग फिक्स्चर रॅकवर असतं. चेंजओव्हर मोजायचा तो आधीच्या पार्टच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या पार्टच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत. पण शॉपवर बऱ्याचदा क्लॅम्प आवळले की घड्याळ बंद करतात. तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे ते हे. मी असं लिहीन:

“सर, शट हाइट एकसारखी करण्याचा मुद्दा फार उपयोगी वाटला. आमच्याकडे डाय लवकर बसायला लागल्यावर अडण्याची जागा बदलली: आता पहिल्या पीसच्या अप्रूव्हलसाठी प्रेस थांबते. तुमच्या १४ मिनिटांत हे अप्रूव्हल धरलंय का? आणि ते प्रेसजवळच होतं की क्वालिटीच्या टेबलवर?”

यात कौतुक एकाच ठरावीक गोष्टीचं आहे, म्हणजे पोस्ट वाचलीय हे दिसतं. शॉपवर घडलेली एक गोष्ट आहे. आणि प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर त्यांना दोन ओळींत, आनंदाने देता येईल. ‘चेंजओव्हर कमी कसा करावा, मार्गदर्शन करा’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्यांना अख्खी संध्याकाळ घालवावी लागेल. ती ते घालवणार नाहीत.

आता शहाणपणा शिकवण्याची भीती. हाच मुद्दा ‘पण तुम्ही पहिल्या पीसचा वेळ धरलेला दिसत नाही’ असा लिहिला, तर तो बरोबर असूनही घात होतो. ती पोस्ट त्यांची टीम वाचते, त्यांचे वरिष्ठ वाचतात, कस्टमर वाचतात. सगळ्यांसमोर आकड्यावर बोट ठेवलं की त्यांना बचावच करावा लागतो. आपल्याकडे काय झालं ते सांगून त्यांच्याकडचं विचारलं, तर तोच मुद्दा संभाषण होतो. आकडा सरळसरळ चुकीचा असेल तर कमेंटमध्ये लिहूच नका.

दोन बारीक गोष्टी. लांब कमेंट पहिल्या काही ओळींनंतर दुमडली जाते, म्हणून मुद्दा वर यायला हवा. आणि नावाखाली तुमच्या हेडलाइनची सुरुवात दिसते. तिथे ‘उत्साही व्यावसायिक’ असं काही असेल तर ते काढून ‘क्वालिटी इंजिनिअर, शीट मेटल प्रेस पार्ट्स’ लिहा. मग प्रश्न कोण विचारतोय हे त्यांना प्रोफाइल न उघडताही समजतं. भाषा पोस्टची असेल तीच ठेवा.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे, लाइनचा फोटो यातलं काहीही कमेंटमध्ये येता कामा नये. तुमचे मॅनेजरही तिथे असतात, आणि समोरची कंपनी तुमच्या कंपनीची स्पर्धक असू शकते. वरच्या कमेंटमध्ये एकही आकडा तुमच्याकडचा नाही, तरी अर्थ पूर्ण पोचतो.

खरी ओळख सुरू होते ती त्यांच्या उत्तरानंतर, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण सोडून देतात. समजा ते म्हणाले, “पहिल्या पीसची मापं आम्ही सेटरलाच घ्यायला शिकवली, क्वालिटी येऊन फक्त खात्री करते.” यावर आभार माना आणि थांबा. मग तुमच्या मॅनेजरशी बोलून एका डायवर करून बघा: फिक्स्चर आधीच प्रेसजवळ, महत्त्वाच्या मापांची यादी सेटरच्या हातात. काही आठवड्यांनी त्याच कमेंटखाली परत या:

“सर, तुम्ही सांगितलेलं एका डायवर करून पाहिलं. फिक्स्चरवर होणारी तपासणी सेटर व्यवस्थित करतोय, वाट बघणं कमी झालं. पण एका भोकाची पोझिशन सीएमएमवरच तपासावी लागते, तिथे अजून प्रेस थांबते.”

मोठ्या पदावरच्या माणसाला सल्ला विचारणारे रोज भेटतात. करून बघून, जे जमलं नाही त्यासकट परत येऊन सांगणारा क्वचित भेटतो, आणि त्याचं नाव लक्षात राहतं. असं एकदा झालं की कनेक्शन रिक्वेस्ट पाठवा, नोटमध्ये याच चर्चेचा उल्लेख करा. त्या नोटमध्ये नोकरी, रेझ्युमे, ‘पाच मिनिटं फोनवर बोलू का’ यातलं काही नको. पुढे कधी तुम्ही बदलाचा विचार करत असाल तेव्हा ते जरूर लिहा, पण वेगळ्या मेसेजमध्ये आणि स्पष्टपणे. कमेंटच्या आडून सुचवू नका.

काम होतंय का हे लाइकवरून ओळखू नका. त्यांनी उलट प्रश्न विचारला, तुमच्या नावानिशी उत्तर दिलं, किंवा त्यांच्या टीममधल्या कुणाला टॅग करून ‘यांना सांगा आपण काय केलं’ असं म्हटलं, तर ते खरं. टॅग झालेल्या माणसाशी तर आवर्जून बोला, कारण ते काम बहुधा त्यानेच केलेलं असतं.

कधीकधी चांगल्या चार-पाच कमेंटनंतरही काही येत नाही. तेव्हा बघा, ते इतर कुणाला तरी उत्तर देतात का. कुणालाच देत नसतील आणि पोस्ट सगळ्या घोषणांच्याच असतील, तर अकाउंट त्यांची कम्युनिकेशन टीम चालवत असण्याची शक्यता आहे. तिथे शक्ती घालवू नका. त्याच कंपनीतला प्रेस शॉप किंवा टूल रूमचा प्रमुख स्वतः लिहीत असेल तर त्याच्याकडे वळा. तुमच्या विषयावर तो जास्त खोलात बोलेल, आणि बंगळुरूच्या इम्टेक्स फॉर्मिंगसारख्या प्रदर्शनात तो स्टॉलवर उभा भेटण्याची शक्यताही जास्त.