लिहिता येतं, पण व्हायवाला बोलता येत नाही

"मॅडम, पेपरात मी सगळं लिहिते. पण एक्स्टर्नल समोर बसले आणि त्यांनी एकदा 'का?' विचारलं, की डोकं कोरं होतं. खोलीवर तर सगळं येत असतं. काय करू?"

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की हे गाऱ्हाणं माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. फार्मसीची मुलं येतात, इंजिनिअरिंगची येतात. वरचे शब्द एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीचे आहेत. तिला मीनल म्हणू या. मराठवाड्यातल्या गावची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. फिजिओलॉजीच्या प्रिलिमला लेखीत उत्तम गुण आणि व्हायवात जेमतेम पास.

पहिल्या दोन भेटी भीतीवर बोलण्यात गेल्या. श्वास संथ करायला शिकवलं, तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं, आणि पुढच्या टेबल व्हायवाला पुन्हा तेच झालं. तिसऱ्या भेटीत मी भीतीचा विषय बाजूला ठेवला. म्हटलं, "परवा ज्यात अडकलीस ते मला शिकव. मला त्यातलं काही कळत नाही असं धर."

विषय होता रक्तदाब मोजण्याचा. तिनं भराभर सुरुवात केली. माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, दंड हृदयाच्या पातळीला ठेवायचा, कोपराच्या खळग्याच्या साधारण अडीच सेंटिमीटर वर कफ बांधायचा. मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा. मग स्टेथोस्कोप लावून...

"थांब. शेवटी आवाज ऐकूनच मोजायचंय, तर आधी नाडी कशाला धरायची?"

"पद्धतच आहे तशी, मॅडम." थोडा वेळ गेला. मग हळूच म्हणाली, "सरांनीपण हेच विचारलं होतं."

धडा तिनं पाच वेळा वाचला होता. पण वाचताना वाक्य ओळखीचं वाटतं आणि मन 'हे येतं' म्हणून पुढे सरकतं. व्हायवात ते वाक्य समोर नसतं. ते आतून जुळवून तोंडानं बाहेर काढावं लागतं, आणि हे काम तिनं परीक्षकांसमोर बसेपर्यंत एकदाही केलेलं नव्हतं. माझा कल पहिल्यापासून असा आहे, की भीती घालवायच्या आधी ती काय सांगते आहे ते ऐकावं. मीनलची भीती तिला खरंच सांगत होती: तुझ्या साखळीत एक कडी कमी आहे.

मी तिला रोज एकच प्रयोग मोठ्यानं समजावून सांगायला लावला. हॉस्टेलच्या गच्चीवर, फोनवर रेकॉर्ड करत. आधी मराठीत, कारण 'का' समजलंय की नाही ते स्वतःच्या भाषेत लगेच कळतं. नंतर तेच इंग्रजीत, कारण व्हायवा इंग्रजीत होणार. मग रेकॉर्डिंग ऐकायचं आणि आपण कुठे थबकलो, कुठे 'म्हणजे... ते...' आलं, तिथे वहीत खूण करायची. 'बेसिकली' हा शब्द आला की बहुधा खाली पोकळी असते, हे तिचं तिलाच सापडलं.

पुढच्या भेटीत तिनं नाडीचं कारण नीट मांडलं. काही माणसांत, विशेषतः वयस्कर आणि उच्च रक्तदाब असलेल्यांत, आवाज सुरू होतात, मध्येच नाहीसे होतात आणि खाली पुन्हा ऐकू येतात. यालाच ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. समजा खरा वरचा दाब 180 आहे आणि 160 ते 140 मध्ये आवाज गायब आहे. आपण कफ 150 पर्यंतच फुगवला, तर पहिला आवाज 140 ला ऐकू येईल आणि आपण 140 लिहून मोकळे होऊ. नाडी मात्र 180 पर्यंत लागत राहते. म्हणून आधी नाडीनं अंदाज घ्यायचा आणि मग त्याच्या 30 वर कफ फुगवायचा. "आता हे मी विसरणारच नाही," ती म्हणाली.

पण खरं वळण त्यानंतर आलं. प्रिलिमला विचारलेले सगळे प्रश्न मी तिला आठवून लिहायला सांगितले आणि प्रत्येकासमोर, त्याच्या आधी ती स्वतः काय बोलली होती तेही. ती लिहीत होती, मी गप्प होते. चौथ्या ओळीवर तिचं पेन थांबलं.

"मॅडम, मी 'आवाज' म्हणाले, म्हणून त्यांनी आवाज का येतो विचारलं. मी 'योग्य मापाचा कफ' म्हणाले, म्हणून विचारलं लहान घेतला तर काय होईल. हे प्रश्न माझ्याच तोंडून निघालेत."

इतक्या वर्षांत मी हे अनेकांना सांगितलं आहे. कुणाला स्वतःहून सापडताना पाहिलं, की आजही मला मनापासून समाधान वाटतं. त्या क्षणापर्यंत परीक्षक तिच्यासाठी कुठूनही वार करणारा माणूस होता. आता तो तिच्या वाक्यातला एखादा शब्द उचलणारा, लक्ष देऊन ऐकणारा माणूस झाला.

इथून सराव बदलला. उत्तर बोलून झालं की त्यातल्या प्रत्येक पारिभाषिक शब्दाला ती तीन प्रश्न लावायची: हे का होतं, हे केलं नाही तर काय होईल, आणि याऐवजी दुसरं का नाही. 'आवाज' घ्या. का येतो? रक्त संथ वाहतं तेव्हा आवाज नसतो. कफचा दाब वरच्या आणि खालच्या दाबाच्या मध्ये असताना रक्तवाहिनी प्रत्येक ठोक्याला क्षणभर उघडते आणि रक्त खळाळत पुढे जातं, तो आवाज. 'कफ' घ्या. लहान घेतला तर? वाहिनी दाबायला जास्त दाब लागतो आणि आकडा खोटाच जास्त येतो. 'नाडी' घ्या. नाडीवरच भागवलं तर? वरचा दाब कळेल, खालचा नाही, कारण एकदा परतलेली नाडी पुढे लागतच राहते आणि खालच्या दाबाला बोटांना ठळक असं काही जाणवत नाही.

दोन गोष्टी मी कटाक्षानं टाळायला लावते. उत्तर शब्दशः पाठ करायचं नाही, कारण परीक्षक मध्येच थांबवतात आणि पाठ केलेलं पुन्हा मधूनच सुरू करता येत नाही. म्हणून रूममेटला मुद्दाम दुसऱ्याच वाक्याला तोडायला सांगायचं. आणि ज्या शब्दामागचं 'का' येत नाही, तो शब्द शोभेसाठी वापरायचा नाही. मीनल प्रिलिमला रक्तदाबाच्या या आवाजांबद्दल बोलताना न विचारता 'कोरोटकॉफ साउंड्सच्या पाच फेज' म्हणून गेली होती आणि चौथी सांगताना अडली होती.

या सरावाची मर्यादाही सांगते. धडाच वाचलेला नसेल तर मोठ्यानं बोलून काही उगवत नाही. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटायला हवं.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. रक्तदाबावरचे चार प्रश्न वहीतले होते, पाचवा नव्हता. नाडी अनियमित असेल तर दाब कसा मोजशील?

"मी थांबले, मॅडम. म्हटलं, सर, नेमकी पद्धत मी वाचलेली नाही. पण ठोके सारखे नसतील तर प्रत्येक ठोक्याला दाबही वेगळा येणार, म्हणजे एकदा मोजून चालणार नाही. मी दोन-तीनदा मोजून सरासरी घेईन."

"मग?"

"सर म्हणाले, बरोबर. आणि विचारलं, ठोके सारखे नसले तर दाब वेगळा का येईल?"

ती हसत होती. "ते मला येत होतं."