परदेशी इंटर्नशिपची कागदपत्रं: आधी नाव, मग तारखा, मग विमा

प्रश्न: मी बी.एस्सी. बायोटेक तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला मेलवर होकार दिलाय. इन्व्हिटेशन लेटर, विमा, कॉलेजची परवानगी, यातलं आधी काय करू?

उत्तर: आधी पासपोर्ट काढा, तो हातात आल्यावरच लेटर मागा. मीही दारव्ह्याच्या बाजूच्या खेड्यातून अशीच गेले होते आणि माझा घोळ इथूनच सुरू झाला.

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव आणि शेवटी वडिलांचं नाव. मी मेलखाली तसंच लिहायचे. तिकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यामुळे लेटर आलं ते 'मिस' आणि पुढे माझ्या बाबांचं नाव असं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसं वाटत होती. लेटर परत करून घेण्यात बारा दिवस गेले. म्हणून पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मेलला जोडा आणि आडनाव कोणतं ते स्पष्ट लिहा.

लेटर संस्थेच्या लेटरहेडवर, सहीचं हवं. त्यात तुमची जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काम काय, मार्गदर्शक कोण, मानधन आहे की नाही आणि राहण्याचा खर्च कोणाचा, एवढं असू द्या. 'उन्हाळ्यात दोन महिने' असं मोघम लिहिलेलं चालत नाही. त्याच मेलमध्ये आणखी एक विचारा. जर्मनीत विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपला सहसा तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते, ती यजमान संस्थेने मागायची असते. त्यांनी अर्ज केलाय का?

आता कॉलेजची परवानगी, म्हणजे एनओसी. आपली डिग्री अमरावती विद्यापीठाची, पण शिकतो संलग्न कॉलेजात. मग 'होम युनिव्हर्सिटी' म्हणून सही कोणाची? हे स्वतः ठरवू नका, प्रयोगशाळेला विचारा. मला प्राचार्यांची सही पुरली. विद्यापीठाची लागली असती तर अमरावतीच्या चकरा आणि तेवढे दिवस धरावे लागले असते. मजकूर इंग्रजीत स्वतःच तयार करून पेन ड्राइव्हवर न्या, कारण ऑफिसात नेहमीचा बोनाफाईड हातात देतात आणि त्यात फक्त 'हा विद्यार्थी आमच्याकडे शिकतो' एवढंच असतं. एनओसीत तारखांसह तीन वाक्यं हवीत: कॉलेजची हरकत नाही, या काळातल्या गैरहजेरीला मंजुरी आहे, परतल्यावर पुढच्या सत्रात प्रवेश कायम राहील. व्हिसा अधिकाऱ्याला तुम्ही परत येणार हे तिसऱ्या वाक्यातून दिसतं. जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का बघूनच ऑफिसातून बाहेर पडा.

तारखांचं माझं उदाहरण सांगते. लेटर 1 जून ते 31 जुलै असं होतं. उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक आलं आणि शेवटचा पेपर निघाला 9 जूनला. लेटर 15 जून ते 14 ऑगस्ट असं बदलून घेतलं. पण एनओसी जुनीच राहिली आणि विमाही 31 जुलैलाच संपत होता. फाईल लावताना मैत्रिणीच्या लक्षात आलं म्हणून वाचले. नवी एनओसी घेतली, विमा 13 जून ते 17 ऑगस्ट केला, म्हणजे जाण्यायेण्याचे दिवसही त्यात आले. तुमचं वेळापत्रक लागलं नसेल तर जूनचा दुसरा पंधरवडा मागा, आणि विमा सगळ्यात शेवटी काढा.

तुम्हाला लागेल तो शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा कमी मुदतीचा व्हिसा. त्याला विमा किमान 30,000 युरोचा लागतो. विमा सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, आणि त्यात तातडीचा दवाखाना व मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला हवा. स्वस्त पर्यटक पॉलिसी घेताना न मिळणाऱ्या गोष्टींचं पान वाचा, काहींत कामाच्या ठिकाणचा अपघात वगळलेला असतो. तुमच्या हातून प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं तर भरपाईचा विमा वेगळा असतो. तो संस्था देते की तुम्ही काढायचा, हे मेलवर लिहून घ्या.

नव्वद दिवसांपर्यंतच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो. शेवटच्या पंधरवड्यावर राहू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. पासपोर्टही परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असायला हवा.

एनओसीच्या सही-शिक्क्याच्या दोन मूळ प्रती घ्या. एक व्हिसाच्या फाईलमध्ये जाते, दुसरी हातातल्या बॅगेत ठेवा. मला उतरल्यावर विमानतळावर लेटर आणि एनओसी दोन्ही विचारली होती.