आखातातला सेंट: फोटोत काय बघायचं

रत्नागिरीत आखातातून आलेल्या सेंटच्या बाटल्या पुष्कळ विकायला येतात. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचा पत्ता आणि एमआरपी नसेल, तर लगेच नकली म्हणू नकोस. माल अस्सल, फक्त अधिकृत वाटेने न आलेला असू शकतो. खोक्याच्या आणि बाटलीच्या तळाचे जवळून काढलेले फोटो मागव. दोन्हीकडचा बॅच नंबर एकच हवा. परवा मिरकरवाड्यातल्या मित्राला आलेल्या फोटोंत खोक्यावर एक नंबर, बाटलीवर दुसराच. खोकं बदललेलं असो की नक्कल, मी त्याला घेऊ दिलं नाही. पण नंबर जुळला म्हणजे झालं असंही नाही, नकला करणारे तोही छापतात. विक्रेत्याच्या चार वेगळ्या सुगंधांवर तोच नंबर दिसला, की माझा संशय बळावतो.