रेशनऐवजी खात्यात पैसे: गळतीचं काय होतं?

प्रश्न: रेशनचं धान्य बंद करून थेट खात्यात पैसे दिले तर गळती थांबेल का?

दुकानातली चोरी बरीच थांबते, पण गळती बँकेच्या वाटेवर नव्या रूपात उभी राहते. धान्य बाजारात वळतं, कारण एकाच तांदळाला दोन भाव असतात: दुकानात आधी नाममात्र आणि २०२३ पासून मोफत, बाहेर पूर्ण बाजारभाव. दुकानातलं ई-पॉस यंत्र अंगठा ओळखतं, पण ते वजनकाट्याला जोडलेलं नसेल आणि पाच किलोची नोंद करून साडेचार किलोच मापलं तर ते त्याला कळत नाही. दुकानातही पूर्ण भाव लावला की धान्य बाहेर विकण्यातला नफाच संपतो.

झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ पासून हेच करून पाहिलं. एक रुपया किलोचा तांदूळ ३२ रुपयांना घ्यायचा आणि फरक सरकार खात्यात भरणार. प्रत्यक्षात पैसे नेमक्या कोणत्या खात्यात आले, हेच अनेकांना समजेना. आधी बँक, मग दुकान अशा खेपांत मजुरी बुडायची, आणि पैसे अडकले की त्या महिन्याचा तांदूळही हुकायचा. हा तोटा धान्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, म्हणून मला तो जास्त गंभीर वाटतो. लोकांच्या विरोधानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रयोग मागे घेतला.

मात्र नगडीत खरेदी रेशन दुकानातूनच करायची होती. चंडीगडमध्ये २०१५ पासून पैसे मिळतात, पण तिथे बँक आणि बाजार दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. दुर्गम पाड्यावर हे गणित जमणार नाही.