रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी पेट्रोल की इलेक्ट्रिक?

*घरात चौघं आहोत. मुलांची शाळा आणि ऑफिस मिळून शहरातच चार छोट्या फेऱ्या, दिवसाला वीसेक किलोमीटर. पेट्रोल हॅचबॅक घ्यावी की इलेक्ट्रिक?*

गाडी लावता तिथे स्वतःच्या मीटरवरून चार्जिंगचा पॉइंट घेता येत नसेल, तर पेट्रोल घ्या. येत असेल तर माझा कल इलेक्ट्रिककडे आहे.

कारण तुमच्या फेऱ्यांची लांबी. मी सात वर्षं पेट्रोल हॅचबॅक अशीच पाच-पाच किलोमीटर चालवली. गाडी कमी चालते म्हणजे इंजिन कमी झिजतं, अशी माझी समजूत होती. एका हिवाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळसर, सायीसारखा थर जमलेला. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिच्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलपर्यंत पोचते. इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते, पण कूलंटपेक्षा ऑइल तापायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण ऑफिसला पोचलेलो असतो. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, त्यामुळे मायलेज पडतं. (असा थर दिसला आणि कूलंटही घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.) तेव्हा पेट्रोल घेतलीत, तर ऑइल किलोमीटर मोजून नको, महिने मोजून बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा.

इलेक्ट्रिकला हा त्रास नाही. एका युनिटमध्ये सात किलोमीटर धरले, तर तुम्हाला रोज तीन युनिट लागतील. साध्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर तेवढं चार्जिंग तास-दीड तासात होतं. म्हणून मोठ्या बॅटरीच्या मॉडेलवर पैसे घालू नका.

पैशाचा हिशेब मात्र करूनच ठरवा, कारण धावणं कमी म्हणजे बचतही कमी. वर्षाला 300 दिवस धरले तर 6000 किलोमीटर होतात. लिटरला 12 किलोमीटर मिळाले तर 500 लिटर पेट्रोल, नाहीतर साधारण 860 युनिट वीज. दोन्हींना तुमच्याकडचे दर लावा, वजाबाकी करा आणि दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतल्या फरकाला त्या आकड्याने भागा. येतील तितक्या वर्षांत वरचे पैसे वसूल होतील. गाडी त्याआधीच विकणार असाल, तर पेट्रोलच परवडेल.

इलेक्ट्रिक ठरली तर पॉइंटसाठी वेगळी वायर ओढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका. पहिल्या दिवशी चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट आतून ढिला असू शकतो. मेन स्विच बंद करून लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवा.